न मिळालेल्या पैशावरचा कर

जमिनीचा किंवा फ्लॅटचा व्यवहार नोंदवला की दुय्यम निबंधक कार्यालयातून सूची क्रमांक दोनचा उतारा मिळतो. बोलण्यात त्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात. त्यावर दोन रकमा एकाखाली एक छापलेल्या असतात : मोबदला आणि बाजारभाव. मोबदला म्हणजे विकणारा आणि घेणारा यांनी आपसांत ठरवून करारात लिहिलेली किंमत. बाजारभाव म्हणजे सरकारच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यावरून, रूढ भाषेत रेडी रेकनरवरून, काढलेली किंमत. दोहोंपैकी जी जास्त असेल तिच्यावर मुद्रांक शुल्क भरायचे, हे बहुतेकांना ठाऊक असते. शुल्क भरले की विषय मिटला असे वाटते. पण तीच दुसरी रक्कम पुढे प्राप्तिकराच्या विवरणपत्रात पुन्हा उभी राहते आणि कधीच हाती न आलेल्या पैशावर कर भरण्याची वेळ येते.

हा नियम आला कुठून, हे आधी पाहू. मालमत्तेच्या व्यवहारात करारावर कमी रक्कम लिहायची आणि उरलेली रोख घ्यायची, ही चाल जुनी आहे. ती रोखण्यासाठी पूर्वी कायद्यात एक तरतूद होती. मात्र १९८१ साली के. पी. व्हर्गीस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की बाजारभावापेक्षा किंमत कमी आहे एवढ्यावर कर लावता येणार नाही. विक्रेत्याला लिहिल्यापेक्षा जास्त पैसे खरोखर मिळाले, हे खात्याने सिद्ध केले पाहिजे. रोखीचा पुरावा मिळणे अवघड, म्हणून ती तरतूद निष्प्रभ ठरली. २००२ च्या वित्त कायद्याने कलम ५०-सी आणले आणि हा भार उलटा फिरवला. आता खात्याला काहीच सिद्ध करावे लागत नाही. मुद्रांक शुल्कासाठी धरलेली किंमत करारातल्या किमतीपेक्षा जास्त असेल, तर तीच विक्रीची किंमत मानली जाते. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, पण हे तत्त्व तसेच राहिले. लोकांच्या तोंडी अजूनही जुनेच क्रमांक आहेत, म्हणून इथेही तेच वापरतो.

या कलमाचा रोख काळ्या पैशावर होता, पण त्यात प्रामाणिक माणूसही सापडतो. रेडी रेकनर एका विभागातल्या अनेक भूखंडांना एकच दर लावतो. त्यातला एखादा भूखंड तिरका असतो, एखाद्याला धड रस्ता नसतो, एखाद्यावरून उच्च दाबाची वीजवाहिनी जाते. आजारपणासाठी किंवा कर्ज फेडण्यासाठी घाईने विकणाऱ्याला मिळेल तो भाव घ्यावा लागतो. तक्त्याला यातले बरेच काही दिसत नाही.

एक उदाहरण घेऊ. नाशिकच्या हद्दीजवळ एका गृहस्थांचा निवासी बिनशेती भूखंड आहे असे समजा. जानेवारी २०१५ मध्ये तो त्यांनी सगळ्या खर्चासह १२ लाखांना घेतला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो ४० लाखांना विकायचे ठरले, साठेखत झाले आणि खरेदीखत ऑगस्ट २०२५ मध्ये नोंदवले गेले. साठेखताच्या दिवशी रेडी रेकनरने भूखंडाची किंमत ४३ लाख ५० हजार येत होती. १ एप्रिल २०२५ पासून राज्यात नवे, वाढीव दर लागू झाले आणि खरेदीखताच्या दिवशी तीच किंमत ४७ लाख झाली.

कायद्याने इथे थोडी सवलत ठेवली आहे. मुद्रांकाची किंमत करारातल्या किमतीच्या ११० टक्क्यांपर्यंत असेल, तर करारातलीच किंमत धरायची. सुरुवातीला अशी काही सवलत नव्हती. पुढे ती ५ टक्के आणि २०२० च्या वित्त कायद्याने १० टक्के झाली. ४० लाखांच्या व्यवहारात ही रेषा ४४ लाखांवर येते. तिच्या आत राहिलात तर तफावत नसल्यासारखीच. रेषा ओलांडली, तर मात्र फक्त वरच्या रकमेवर नव्हे, सगळ्या तफावतीवर कर लागतो. ४७ लाख म्हणजे रेषेच्या वर ३ लाख, म्हणून ३ लाखांवर कर लागेल, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. विक्रीची किंमत सरळ ४७ लाख धरली जाते, म्हणजे पूर्ण ७ लाख वाढतात.

आता हिशेब. भूखंड २४ महिन्यांहून जास्त काळ हाती होता, म्हणून नफा दीर्घ मुदतीचा. २३ जुलै २०२४ पासून त्यावर महागाई निर्देशांकाचा लाभ न देता १२.५ टक्के कर आहे. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या जमिनीला किंवा इमारतीला, मालक निवासी व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर, जुन्या पद्धतीने म्हणजे निर्देशांक लावून २० टक्क्यांनी कर मोजून पाहता येतो आणि दोहोंपैकी कमी रक्कम भरता येते. या गृहस्थांना १२.५ टक्क्यांचीच पद्धत स्वस्त पडते. किंमत ४० लाख धरली तर नफा २८ लाख आणि कर ३ लाख ५० हजार. ४७ लाख धरली तर नफा ३५ लाख आणि कर ४ लाख ३७ हजार ५००. फरक ८७ हजार ५०० रुपयांचा. त्यावर ४ टक्के उपकर मिळवला की ९१ हजार. एक रुपयाही जास्त मिळालेला नसताना हे पैसे जातात.

त्यांना यातून वाचवू शकते ती साठेखताची तारीख. किंमत ठरवणाऱ्या कराराची तारीख आणि नोंदणीची तारीख वेगळी असेल, तर कराराच्या दिवशीची मुद्रांक किंमत धरता येते, अशी सोय २०१६ च्या वित्त कायद्याने केली. म्हणजे ४७ लाखांऐवजी ४३ लाख ५० हजार धरायचे. ही रक्कम ४४ लाखांच्या आत असल्यामुळे तफावत निकालात निघते. मात्र या सोयीला एक अट आहे. मोबदल्याचा काही भाग कराराच्या दिवशी किंवा त्याआधी बँकेमार्फत मिळालेला हवा : अकाउंट पेयी धनादेशाने, डिमांड ड्राफ्टने किंवा आरटीजीएस, एनईएफटीसारख्या इलेक्ट्रॉनिक मार्गाने. भाग किती असावा हे कायदा सांगत नाही, पण पैसे कधी आणि कसे आले याबाबत तो काटेकोर आहे. साठेखत सोमवारी झाले आणि धनादेशाची तारीख पुढच्या शुक्रवारची असेल, तर ही सोय हातची जाते.

आपल्याकडे सर्वाधिक घोळ इथेच होतो. विसार रोख देण्याची सवय खोलवर रुजलेली आहे. पाहुण्यांसमोर, मध्यस्थाच्या साक्षीने लाखभर रुपये मोजून दिले जातात, विसार पावती लिहिली जाते आणि बँकेतून रक्कम थेट खरेदीखताच्या वेळी फिरते. अशा व्यवहारात किंमत केव्हा ठरली हे सगळ्यांना माहीत असते, तरी कायद्याला नोंदणीची तारीखच दिसते. शिवाय स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणे १ जून २०१५ पासून निषिद्ध आहे. विसाराची रक्कमही त्यात येते. हा नियम मोडला तर घेतलेल्या रकमेइतकाच दंड होऊ शकतो आणि तो भरावा लागतो पैसे घेणाऱ्याला.

तफावतीचा फटका एकट्या विक्रेत्याला बसत नाही. खरेदीदाराने ४७ लाखांची वस्तू ४० लाखांना घेतली, तेव्हा ७ लाखांचा फायदा हे त्याचे उत्पन्नच झाले, असे कलम ५६ मानते. त्यासाठी तफावत ५० हजारांहून जास्त आणि मोबदल्याच्या १० टक्क्यांहून जास्त असावी लागते. हे उत्पन्न ‘इतर स्रोतां’मध्ये धरून त्यावर नेहमीच्या टप्प्याने कर लावतात. खरेदीदार ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर २ लाख १० हजार आणि उपकर धरून २ लाख १८ हजार ४००. म्हणजे त्याच ७ लाखांवर विक्रेत्यापेक्षा खरेदीदाराला दुपटीहून जास्त भुर्दंड बसतो. पुढे त्याने हा भूखंड विकला तर त्याची खरेदी किंमत ४७ लाख धरली जाते, एवढाच दिलासा. कराराच्या तारखेची आणि बँकेतून दिलेल्या पैशाची सोय त्यालाही आहे. म्हणून विसार बँकेतून देण्यात दोघांचेही हित आहे आणि हे दोघांनी एकमेकांना स्पष्ट सांगायला हवे.

तारखेने प्रश्न सुटत नसेल आणि भूखंडालाच खरोखर कमी भाव असेल, तरी एक वाट उरते. रेडी रेकनरची किंमत प्रत्यक्ष बाजारभावापेक्षा जास्त आहे, असा दावा विक्रेता कर-निर्धारण अधिकाऱ्यासमोर करू शकतो. मग तो अधिकारी प्रकरण खात्याच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवतो आणि हा अधिकारी भूखंड पाहून किंमत ठरवतो. ती मुद्रांकाच्या किमतीपेक्षा कमी आली तर तिच्यावर कर, जास्त आली तर मुद्रांकाचीच किंमत कायम. म्हणजे दावा फसला तरी करपात्र रक्कम वाढत नाही. कोलकाता उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सुनीलकुमार आगरवाल प्रकरणात म्हटले होते, की करदात्याने स्पष्ट शब्दांत विनंती केली नसली तरी न्यायाच्या दृष्टीने अधिकाऱ्याने प्रकरण मूल्यांकनाला पाठवायला हवे. तरीही त्या भरवशावर राहू नये. नोटिशीच्या पहिल्या उत्तरातच ही मागणी लेखी करावी.

यातली एक अट लक्षात ठेवायची. मुद्रांकाच्या त्याच किमतीविरुद्ध मुद्रांक खात्याकडे अपील केलेले असेल, तर मूल्यांकन अधिकाऱ्याची वाट बंद होते. पण त्या अपिलात किंमत कमी झाली, तर प्राप्तिकराचा हिशेबही त्यानुसार दुरुस्त होतो. कोणती वाट धरायची ते आधी ठरवावे लागते. नोंदणीपूर्वी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी दस्त देणे हा आणखी चांगला मार्ग आहे, कारण तिथे दोष मान्य होऊन किंमत मुळातच कमी ठरली, तर पुढचा वादच उरत नाही.

मूल्यांकन अधिकारी कागद आणि जागा दोन्ही पाहतो. भूखंडावर विकास आराखड्यातले आरक्षण असेल तर झोन दाखला, रस्ता नसेल किंवा अतिक्रमण असेल तर मोजणी नकाशा आणि तारखेसह फोटो, वाद असेल तर न्यायालयाचे कागद, आणि सर्वांत वजनदार म्हणजे शेजारच्या भूखंडांच्या त्याच सुमाराच्या विक्रीचे इंडेक्स टू. हे सगळे विक्रीच्या वेळीच जमवावे. नोटीस दोन-तीन वर्षांनी येते, तोवर नव्या मालकाने कुंपण घातलेले असते, रस्ता झालेला असतो आणि ‘तेव्हा असे नव्हते’ हे शब्दांनी पटवता येत नाही.

इथवर भूखंडाचे झाले. बांधकाम सुरू असलेल्या फ्लॅटचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे आधी विचारावे लागते की विकले नेमके काय. कलम ५०-सी ‘जमीन किंवा इमारत किंवा दोन्ही’ यांना लागू होते. फ्लॅटचा ताबा मिळण्यापूर्वी विकणाऱ्याकडे फ्लॅट नसतो; बिल्डरकडून ठरलेल्या किमतीला ठरलेला फ्लॅट मिळवण्याचा हक्क असतो. हक्क आणि इमारत हा भेद न्यायाधिकरणांनी मानला आहे. सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या भूखंडाबाबत अतुल पुराणिक प्रकरणात प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने २०११ मध्ये सांगितले, की भाडेपट्ट्याचा हक्क म्हणजे जमीन नव्हे, म्हणून ५०-सी लागू नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ग्रीनफिल्ड हॉटेल्स प्रकरणात तोच निष्कर्ष कायम राहू दिला. फ्लॅटच्या बुकिंगच्या हक्काबाबत अहमदाबाद पीठाने यासिन मुसा गोडिल प्रकरणात हेच तत्त्व लावले. तरी प्रत्येक प्रकरण कराराच्या शब्दांवर आणि बांधकामाच्या अवस्थेवर ठरते. ताबा घेतल्यावर विकलेला फ्लॅट ही इमारतच आहे आणि तिथे हा युक्तिवाद चालत नाही.

याचा आकड्यांवर परिणाम काय होतो ते पाहू. एका बाईंनी २०२१ मध्ये ८० लाखांचा फ्लॅट बुक केला. २०२५ पर्यंत बिल्डरला ५० लाख दिले, ३० लाख देणे बाकी होते. ताबा मिळण्यापूर्वीच त्यांनी आपला हक्क विकला. नव्या खरेदीदाराने त्यांना ७२ लाख दिले आणि बिल्डरचे उरलेले ३० लाख स्वतः फेडण्याचे मान्य केले. मुद्रांकासाठी मात्र पूर्ण फ्लॅटची किंमत धरली गेली आणि ती १ कोटी १५ लाख आली. आधी भरलेले मुद्रांक शुल्क आणि उपकर हिशेब सोपा राहावा म्हणून बाजूला ठेवू.

हक्क विकला असे धरले तर ७२ लाखांतून ५० लाख वजा जाऊन नफा २२ लाख आणि कर २ लाख ७५ हजार. खात्याने ५०-सी लावले आणि हिशेब नीट केला, तर पूर्ण फ्लॅटच्या किमतीची तुलना पूर्ण मोबदल्याशी व्हायला हवी : ७२ अधिक ३०, म्हणजे १ कोटी २ लाख. दहा टक्क्यांची रेषा १ कोटी १२ लाख २० हजारांवर येते आणि १ कोटी १५ लाख तिच्या बाहेर आहेत. मग १ कोटी १५ लाखांतून पूर्ण ८० लाख वजा जाऊन नफा ३५ लाख आणि कर ४ लाख ३७ हजार ५००. पण एका बाजूला पूर्ण फ्लॅटचे १ कोटी १५ लाख आणि दुसऱ्या बाजूला फक्त भरलेले ५० लाख धरले, तर नफा ६५ लाखांचा दिसतो आणि कर ८ लाख १२ हजार ५०० होतो. विक्रीची किंमत पूर्ण फ्लॅटची धरायची तर खरेदीची किंमतही पूर्ण फ्लॅटचीच धरली पाहिजे. करारात नुसते ‘मोबदला ७२ लाख’ लिहिलेले असले की ही चूक सहज होते. म्हणून विक्रेत्याने किती भरले, किती बाकी आहे आणि बाकी कोण फेडणार, हे तिन्ही आकडे करारात स्पष्ट लिहिलेले हवेत. बिल्डरही त्या करारावर सही करत असेल तर उत्तम.

हक्काचा युक्तिवाद फायद्याचा दिसतो, पण त्याची दुसरी बाजू तपासल्याशिवाय तो मांडू नये. निर्देशांक लावून २० टक्क्यांनी कर मोजण्याची सोय ‘जमीन किंवा इमारत’ यांनाच आहे. कलम ५४-ईसीखाली सहा महिन्यांत ठरावीक रोख्यांत ५० लाखांपर्यंत नफा गुंतवून कर वाचवण्याची सोयही २०१८ च्या वित्त कायद्यापासून याच शब्दांना बांधली आहे. ५०-सीपुरता ‘हा हक्क आहे’ आणि रोख्यांपुरती ‘ही इमारत आहे’ असे एकाच विवरणपत्रात म्हणता येत नाही. हक्क म्हटले की घर घेऊन कर वाचवायला कलम ५४-एफ उरते. त्यात नुसता नफा नव्हे, विक्रीची सगळी निव्वळ रक्कम नव्या घरात घालावी लागते आणि हाती एकाहून जास्त दुसरी घरे नसावी लागतात. तफावत लहान आणि नफा मोठा असेल, तर हक्काच्या युक्तिवादाने वाचणाऱ्या करापेक्षा या सवलती गमावण्याचा तोटा जास्त असू शकतो. दोन्ही हिशेब कागदावर मांडूनच ठरवावे.

हक्क किती दिवस हाती होता, ही मोजणी विक्रेत्याच्या बाजूने सुटली आहे. २४ महिने कधीपासून मोजायचे यावर वाद होत असे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये वेंबू वैद्यनाथन प्रकरणात सांगितले, की वाटपपत्राच्या म्हणजे अलॉटमेंट लेटरच्या तारखेपासून मोजायचे, नोंदणीकृत कराराच्या तारखेपासून नव्हे. वाटपपत्र बऱ्याचदा करारापूर्वी काही महिने मिळालेले असते. ते हरवले तर नफा अल्प मुदतीचा ठरून पूर्ण टप्प्याने कर लागू शकतो. म्हणून करार झाला की वाटपपत्र टाकून देऊ नये.

हे सगळे दडून राहत नाही. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त किमतीच्या मालमत्तेच्या नोंदणीची माहिती निबंधक प्राप्तिकर खात्याला कळवतात आणि ती करदात्याच्या वार्षिक माहिती विवरणात दिसते. विवरणपत्रातही मोबदला आणि मुद्रांक किंमत हे दोन रकाने वेगळे आहेत. दुसरी रक्कम पहिलीच्या १.१० पटीत असेल तर पहिली घ्या, नाहीतर दुसरी घ्या, अशी सूचना फॉर्ममध्येच असते. साठेखताच्या तारखेची सोय घेणाऱ्याने दुसऱ्या रकान्यात त्या दिवशीची मुद्रांक किंमत भरावी आणि साठेखत, त्या वर्षीच्या दराचा उतारा व बँकेची नोंद एकत्र जपून ठेवावी.

प्रामाणिक विक्रेत्यासाठी कायद्यात अजून दुरुस्तीला जागा आहे. दहा टक्क्यांच्या रेषेबाहेर एक रुपया गेला की सगळीच तफावत करपात्र होते. कर फक्त रेषेच्या वरच्या रकमेवर लागला, तर अडचणीत विकणाऱ्याला न्याय मिळेल आणि करचुकवेगिरीला तरीही मोकळीक राहणार नाही. ती दुरुस्ती होईल तेव्हा होईल. तोवर भूखंड असो की अर्धवट बांधलेला फ्लॅट, किंमत पक्की करण्यापूर्वी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर त्या जागेचा चालू दर पाहावा, दहा टक्क्यांची रेषा कुठे येते ते काढावे आणि विसाराचा पहिला पैसा साठेखतावर सही होण्यापूर्वी बँकेतूनच यावा. मार्चमध्ये सौदा ठरत असेल तर हे साठेखत ३१ मार्चपूर्वी करावे, कारण वार्षिक दर बदलतात ते १ एप्रिलला.